मैत्रीण बँकेत ऑफिसर झाली, अभिनंदन लिहायचंय पण ते छापील वाटायला नको

माहुलीची_मी
माझी शाळेपासूनची मैत्रीण एका सरकारी बँकेत २०१३ पासून क्लार्क आहे, परवा तिची ऑफिसर म्हणून निवड झाली, स्केल वन. तिसऱ्या प्रयत्नात. आधी दोनदा लेखी परीक्षा निघाली होती पण इंटरव्ह्यूनंतरच्या लिस्टमध्ये नाव आलं नव्हतं. परवा संध्याकाळी आमच्या शाळेच्या ग्रुपवर कोणीतरी बातमी टाकली आणि अर्ध्या तासात चाळीसेक मेसेज आले, सगळे हार्दिक अभिनंदन आणि फुलांचे गुच्छ. मी अजून काहीच लिहिलं नाहीये आणि मला खात्री आहे की तिच्या ते लक्षात आलंय. फोन करणार होते पण ती तीन दिवस सासूबाईंबरोबर हॉस्पिटलमध्ये आहे, तिथे बोलता येत नाही, आणि खरं सांगायचं तर मला लिहायचंच आहे, तिने नंतर पुन्हा वाचावं असं काहीतरी.

काल रात्री हे लिहिलं:

"प्रिय मैत्रिणी, तुझ्या पदोन्नतीबद्दल मनःपूर्वक अभिनंदन! तुझ्या अथक परिश्रमांचं आणि जिद्दीचं हे फळ आहे. तू खरोखर या पदाला पात्र होतीस. यशाची अशीच नवनवीन शिखरं गाठत राहा. पुढील वाटचालीसाठी खूप खूप शुभेच्छा!"

एकेक शब्द मी स्वतः लिहिलाय, कुठूनही उचललेला नाही. तरी वाचल्यावर वाटतं की उचललाय. पाठवायचा हात होत नाही. काय चुकतंय ते सांगा कोणीतरी.

शुभंकर_वर्धा
ताई आमच्या मंडळाकडे चांगला मजकूर तयार आहे, लेटरहेडवर घ्या: "आपली बँक अधिकारीपदी निवड झाल्याबद्दल आपले हार्दिक अभिनंदन. आपल्या हातून ग्राहकांची व समाजाची अशीच सेवा घडो हीच सदिच्छा." खाली अध्यक्ष, सचिव, सर्व सदस्य. फ्रेम करून शाल श्रीफळासोबत द्या, फार छान दिसतं, आम्ही तीन जणांना दिलंय.

माहुलीची_मी
धन्यवाद दादा, पण मंडळातर्फे नाही, मला एकटीला तिला व्हॉट्सॅपवर पाठवायचंय.

तळटीप
मी बावीस वर्षं छपाई आणि डीटीपीचं दुकान चालवलं, लग्नपत्रिका, पेपरातल्या छोट्या जाहिराती, नंतर फ्लेक्स आले तेव्हा फ्लेक्स. अभिनंदनाचे मजकूर किती जुळवले असतील त्याची मोजदाद नाही, म्हणून जे दिसलं ते सांगतो.

वरचा मंडळाचा मजकूर वाईट नाही, तो त्याच्या जागी बरोबर आहे. फ्लेक्सवरचं वाक्य ज्याचं अभिनंदन आहे त्याच्यासाठी लिहिलेलंच नसतं, ते चौकातून जाणाऱ्या माणसासाठी असतं. त्या माणसाला फक्त एवढं कळायला हवं की कोणाचं काय झालं आणि शुभेच्छुक कोण. म्हणून त्यात नाव मोठं, पद मोठं, "निवड झाल्याबद्दल", आणि क्रियापद जवळजवळ नसतंच. "हार्दिक अभिनंदन" हे वाक्य नाहीये, पाटी आहे.

तुमच्या मसुद्यात चूक शब्दांची नाहीये ताई, तोंड कुठे आहे त्याची आहे. तुम्ही मैत्रिणीशी बोलताय पण तोंड चौकाकडे आहे. "पदोन्नती", "अथक परिश्रम", "वाटचाल", यातला एक तरी शब्द तुम्ही दोघी चहा पिताना बोललाय का कधी? नसेल तर तिला ते वाचताना तुमचा आवाज ऐकू येणार नाही, आणि आवाज ऐकू आला नाही की माणूस म्हणतं हे कुठूनतरी आणलंय.

रानजाई
मला वाटतं सोपा उपाय आहे, शुद्ध मराठीत लिहा. हल्ली अर्धं इंग्रजी अर्धं मराठी लिहितात त्यामुळेच सगळं सारखं वाटतं. कॉंग्रॅट्स, प्राउड ऑफ यू, हे टाळलं की आपोआप मनापासून वाटेल. आणि लहान ठेवा, दोन ओळी बस.

तळटीप
लहान ठेवा याला माझी हरकत नाही. पण शुद्ध मराठीचं मला पटत नाही हो, कारण फ्लेक्सवर सगळ्यात शुद्ध मराठी असते. ह्यांच्या मसुद्यात एकही इंग्रजी शब्द नाही, बघा पुन्हा. ती मैत्रीण स्वतः काय म्हणते, "माझं प्रमोशन झालं" की "मला पदोन्नती मिळाली"? जे ती म्हणते तेच लिहायचं.

माहुलीची_मी
ती म्हणते "ऑफिसरचं". दोन वर्षं आमच्यात तेवढंच चाललंय, ऑफिसरचं काय झालं, ऑफिसरचा अभ्यास, ऑफिसरची लिस्ट.

तळटीप
मग सापडलं की. "झालं ना गं ऑफिसरचं!" ही तुमची पहिली ओळ. प्रिय बिय काही नको, एरवी ज्या नावाने हाक मारता तीच हाक.

काऊंटर_नं_४
मी बँकेतूनच रिटायर झाले, क्लार्क म्हणून लागले, सीनियर मॅनेजर म्हणून निघाले. मराठीचं तळटीप सांगतायत ते बरोबर आहे पण मला दुसरंच सांगायचंय, की क्लार्कचं ऑफिसर होणं म्हणजे काय ते आधी माहीत पाहिजे, नाहीतर माणूस भलत्याच गोष्टीचं अभिनंदन करतो.

बाहेरच्यांना वाटतं पगार वाढला, खुर्ची मिळाली. पगारातला फरक पहिल्या महिन्यात बऱ्याचदा वाटतो तेवढा नसतो, आणि क्लार्क असताना ठरलेल्या वेळेनंतर थांबलं तर ओव्हरटाइम मागता येतो, ऑफिसरला तो नाही, कॅश टॅली होईपर्यंत बसायचं. पण सगळ्यात मोठी गोष्ट बदली. क्लार्क सहसा घराच्या आसपास राहतो, ऑफिसरला बँक कुठेही पाठवू शकते. त्यामुळे कितीतरी बायका परीक्षेला बसतच नाहीत, काहीजणी पास होऊन नाकारतात, मी माझ्या ब्रँचमध्ये अशा दोघी पाहिल्या, हुशार होत्या दोघी. तुमची मैत्रीण दोनदा लिस्टमध्ये न येऊन तिसऱ्यांदा बसली, म्हणजे घरचा हिशेब तिने तीनदा मांडला असणार. सासूबाई आजारी आहेत म्हणताय, तर आत्ता तिच्या मनात आनंदाइतकीच पोस्टिंगची धाकधूक असणार. त्यात कोणी "शिखरं गाठत राहा" म्हटलं तर ते तिच्या कानावरून जाणार, तिच्यासमोर आत्ता शिखर नाहीये, ऑर्डर आहे.

माहुलीची_मी
पोस्टिंगचं माझ्या डोक्यातच नव्हतं. ऑर्डर अजून आली नाहीये. मग मी मेसेजमध्ये लिहू का, की बदलीची काळजी करू नको, आम्ही आहोत?

काऊंटर_नं_४
लिहा असं मला वाटतं. मला लिहिलं असतं कोणी तर बरं वाटलं असतं. माझ्या वेळी सगळ्यांनी पेढे मागितले, मुलीला कोण बघणार हे एकीनेही विचारलं नाही.

तळटीप
मी याच्या विरुद्ध आहे. अभिनंदनात काळजी घातली की वाचणारा काळजीच वाचतो. ते वेगळं बोला, दोन दिवसांनी.

काऊंटर_नं_४
अनोळखी माणसाने घातली तर तसं होईल. शाळेपासूनच्या मैत्रिणीने नाही.

प्रथमेश_ठाणे
मी असं करतो की नोटाबंदीसारखं एखादं मोठं काहीतरी आठवतो. ताई, ती २०१३ पासून बँकेत म्हणजे २०१६ च्या नोव्हेंबरला काऊंटरवर असणार. "नोटाबंदीत तू दिवसरात्र काम केलंस तेव्हाच मला कळलं होतं" असं लिहा, एकदम पर्सनल होईल.

काऊंटर_नं_४
प्रथमेश, हेतू बरोबर आहे तुझा, प्रसंग पाहिजेच. पण नोटाबंदीचं तर बँकेतल्या प्रत्येकाला प्रत्येक जण सांगतो. निरोप समारंभात माझ्याबद्दल पाचजण बोलले, त्यातले चारजण नोटाबंदीवर बोलले. आम्ही सगळेच बसलो होतो की तेव्हा, ८ नोव्हेंबरला रात्री घोषणा, एक दिवस बँका बंद आणि १० तारखेपासून रांगा, शनिवार रविवारसुद्धा उघड्या होत्या. पाचव्या बाई म्हणाल्या की माझ्या वडिलांच्या हयातीच्या दाखल्याला अंगठा मशीनवर उमटेना, तेव्हा यांनी त्यांना बाकावरून उठू दिलं नाही, मशीनच बाकाशी घेऊन आल्या आणि दहाही बोटं लावून बघितली. मला ते आठवतही नव्हतं. पण तेवढंच माझ्या लक्षात राहिलंय.

माहुलीची_मी
हे वाचून मी बराच वेळ विचार केला. एक गोष्ट आहे पण ती बँकेची नाहीये आणि ती चांगली आठवणही नाहीये म्हणून लिहावी का कळत नाही.

गेल्या वर्षी लिस्ट लागली आणि तिचं नाव नव्हतं, त्या दिवशी संध्याकाळी ती माझ्याकडे आली. मी मटार सोलत होते. ती समोर बसली, मधे परात ओढली आणि सोलायला लागली. लिस्टबद्दल एक शब्द नाही. दोन किलो मटार सोलले आम्ही. मग हात धुतले आणि म्हणाली, "चल, पुढच्या वर्षीचा फॉर्म कधी निघतो बघायला पाहिजे." आणि गेली. बस एवढंच.

तळटीप
ताई हेच लिहायचं. दुसरं काही शोधू नका.

रानजाई
पण आनंदाच्या दिवशी जुन्या अपयशाची आठवण कशाला काढायची? माझ्या भावाला दहावीला गणितात कमी पडले होते, आज तो इंजिनियर आहे, तरी एक मावशी प्रत्येक वेळी अभिनंदन करताना ते गणित काढते. त्याला अजिबात आवडत नाही.

काऊंटर_नं_४
रानजाईंचं म्हणणं सोडून देण्यासारखं नाहीये. फरक कुठे आहे सांगते. मावशी म्हणते "तू नापास होत होतास", तिथे ती निकालाबद्दल बोलते. इथे निकाल नाही, मैत्रिणीने त्या दिवशी काय केलं ते सांगायचंय. "दोनदा अपयश येऊनही" असं लिहिलंत तर मावशी. "तू फॉर्म कधी निघतो विचारलंस" लिहिलंत तर वेगळं. अपयश हा शब्द यायलाच नको, तिला माहितीये तो दिवस कुठला होता.

तळटीप
आणि मसुद्यातलं "तू पात्र होतीस" काढा. सगळे लिहितात, "यू डिझर्व इट" पण तेच. पण पात्र अपात्र कोण ठरवतं, इंटरव्ह्यू घेणारा. तुम्ही टेबलाच्या त्या बाजूला जाऊन बसता असं लिहिलं की. "मला माहीतच होतं तुझं होणार" हेही तसंच, ऐकायला गोड आहे पण मग तिने रात्री जागून केलं ते काय, ते आपोआपच होणार होतं?

प्रथमेश_ठाणे
आणि "पार्टी कधी" तर मुळीच नको ना?

तळटीप
शेवटी टाकलं की आधीचं सगळं पुसून जातं असं माझं मत.

काऊंटर_नं_४
माझ्या मैत्रिणींनी विचारलंच नाही तर मला वाटेल रागावल्यात. आमच्यात पार्टी मागणं म्हणजेच अभिनंदन. हे ज्याचं त्याने बघावं.

देवरुखचा_बाळू
धागा वाचतोय कालपासून, माझा प्रश्न थोडा वेगळा आहे पण इथेच विचारतो. आमच्या ऑफिसात एका जागेसाठी मी आणि माझा मित्र दोघं होतो, बारा वर्षं शेजारी टेबल, डबा एकत्र. जागा त्याला मिळाली. गेल्या सोमवारची गोष्ट. मी त्याला हात मिळवला पण लिहिलं काहीच नाही. लिहायला बसलो की "मला खूप आनंद झाला" असं येतं आणि ते खरं नाहीये, अजून तरी नाहीये, आणि तो मला ओळखतो, त्याला कळेल. न लिहिणंही बरं दिसत नाही. त्याने काही वाईट केलेलं नाही, तो कामात चांगला आहे, माझ्यापेक्षा चांगला आहे एका बाबतीत.

तळटीप
कुठल्या बाबतीत?

देवरुखचा_बाळू
फायलीवरून माणूस परत पाठवत नाही तो. कागद कमी असला तर काय कमी आहे ते एका चिठ्ठीवर लिहून देतो, त्यामुळे त्या माणसाला तीन खेपा पडत नाहीत. मी तोंडी सांगतो, लोक विसरतात, परत येतात. हे मी त्याच्याकडून शिकायला पाहिजे होतं.

तळटीप
बाळू, मग तुम्हाला तुमच्या आनंदाबद्दल काही लिहायची गरजच नाहीये. मजकूर त्याच्याबद्दल असू दे, चिठ्ठीबद्दल. "तुझी ती चिठ्ठी लिहून द्यायची पद्धत आता सगळ्या सेक्शनला लागेल, बरं झालं." हे वाक्य तुमच्या मनात काहीही असलं तरी खरंच आहे.

काऊंटर_नं_४
मी थोडं वेगळं सांगेन. बारा वर्षांचा डबा आहे, त्याला तुमचं मन माहितीये. "मला वेळ लागतोय पण" एवढं लिहिलंत तरी त्याला राग येणार नाही, उलट सुटल्यासारखं होईल.

देवरुखचा_बाळू
ते लिहायची माझी तयारी नाही अजून. चिठ्ठीचं जमेल.

माहुलीची_मी
आज पहाटे उठून पुन्हा लिहिलं. आधी मोठं झालं होतं, त्यात आमच्या शाळेच्या बाकापासून सगळं आलं होतं, मग कापत कापत एवढं ठेवलं. हाक इथे लिहीत नाही, ती आमच्यातलीच आहे.

"झालं ना गं ऑफिसरचं! ग्रुपवर लिहिलं नाही कारण तिथे मला तुझ्याशी बोलता येत नव्हतं. मला परवापासून सारखी ती मटारची संध्याकाळ आठवतेय. तू सोलत होतीस आणि मला काय बोलावं सुचत नव्हतं, आणि हात धुऊन तूच म्हणालीस की फॉर्म कधी निघतो बघायला पाहिजे. तू गेल्यावर मी किती वेळ ती सालं घेऊन बसले होते तुला माहीत नाही. लिस्टमधलं नाव बँकेने परवा लिहिलं, मला ते त्या दिवशीच दिसलं होतं. ऑर्डर कुठली का येईना, इथलं आईंचं औषधपाणी आपण मिळून बघू, ते माझ्यावर सोड. भेटलीस की बोलू."

आईंचं लिहिलं, तळटीप. राहवलं नाही.

तळटीप
लिहिलंत ते बरं केलंत, मी त्या बाबतीत चुकलो असेन. "ते माझ्यावर सोड" हे निभावायची तयारी असेल तरच ठेवा, तयारी आहे असं दिसतंय. एकच बघा, "लिस्टमधलं नाव बँकेने परवा लिहिलं, मला ते त्या दिवशीच दिसलं होतं" हे वाक्य जरा बेतलेलं वाटतंय मला, बाकीचं सगळं बोललेलं आहे आणि हे एकच लिहिलेलं आहे. शिवाय ते "मला माहीतच होतं" याच्या फार जवळ जातंय.

काऊंटर_नं_४
मला ते आवडलं पण तळटीपांना खटकलं म्हणजे काढूनच बघा, नुसतं "सालं घेऊन बसले होते" वर थांबतं का.

माहुलीची_मी
काढलं. थांबतं. ६ वाजून ४० मिनिटांनी पाठवला, ती त्या वेळी हॉस्पिटलच्या खाली चहाला येते.

रानजाई
मग काय म्हणाली??

माहुलीची_मी
दुपारपर्यंत काही नाही. मग आलं, "दोन किलो नव्हते, तीन होते, माझी नखं हिरवी झाली होती." मग दहा मिनिटांनी, "फॉर्मचं मी म्हणाले होते? मला वाटत होतं तू म्हणालीस." वर्षभर तिला वाटत होतं की ते मी म्हणाले आणि म्हणून तिने फॉर्म भरला. संध्याकाळी फोन आला, आईंना उद्या घरी सोडतायत. आणि ऑर्डर आली, देगलूर. साताऱ्याहून रात्रभराचा प्रवास. पुढच्या महिन्यात हजर व्हायचंय. फोनवर आधी देगलूरचंच बोललो, मग खूप वेळ काहीच बोललो नाही, पण फोन चालू होता.

काऊंटर_नं_४
देगलूर म्हणजे तेलंगणाची हद्द, मराठी, तेलुगू, कन्नड सगळं काऊंटरवर येणार तिच्या. तिथे बँकेची क्वार्टर आहे का ते हजर व्हायच्या आधी विचारायला सांगा, आणि भाड्याने घर घ्यायचं तर ब्रँचमधल्या शिपायाला विचारायचं, त्याला सगळ्यात जास्त माहिती असते. पहिली सुट्टी केव्हा मिळेल ते मात्र कोणी सांगू शकत नाही.

माहुलीची_मी
सांगते तिला. तुम्हाला काही विचारायचं झालं तर तिला इथे आणू का?

काऊंटर_नं_४
आणा की.

देवरुखचा_बाळू
मी पाठवला आत्ता. चिठ्ठीचंच लिहिलं, तीन ओळी, आनंद वगैरे काही नाही. शेवटी "उद्या डब्याला थांब" एवढं जोडलं. दोन निळ्या टिका आल्यात, उत्तर नाही अजून.